पैसे कापून पाठवले म्हणजे बिल दुरुस्त झालं, असं होत नाही

परचेस ऑर्डर एका रकमेची, बिल दुसऱ्याच रकमेचं आणि गोडाऊनला उतरलेला माल तिसराच. अशा वेळी आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे फोन करायचा, "अण्णा, एक गोणी कमी आलीय, तेवढे कापून पाठवतो" म्हणायचं आणि समोरून "चालतंय" आलं की विषय संपला. माझं स्पष्ट मत आहे की इथे विषय संपत नाही, इथून तो सुरू होतो. कारण बँकेत कमी पैसे गेले तरी जीएसटीच्या पोर्टलवर ते बिल जसंच्या तसं उभं असतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. साताऱ्यातल्या एका मसाला उद्योगाने सांगलीच्या हळद गिरणीला ५०० किलो हळद पावडरची ऑर्डर दिली. २५ किलोच्या २० गोण्या, दर किलोला १८० रुपये. म्हणजे माल ९०,००० चा, त्यावर ५ टक्के जीएसटी ४,५००, एकूण ९४,५००. बिल आलं ते १८६ रुपये दराने. ५०० किलोचे ९३,००० आणि जीएसटी ४,६५०, एकूण ९७,६५०. टेम्पो उतरवला तर गोण्या भरल्या १९.

आता खरं देणं किती? आलेला माल ४७५ किलो, ठरलेला दर १८०, म्हणून ८५,५००. जीएसटी ४,२७५. एकूण ८९,७७५. बिलातला जादा आकडा ७,८७५ रुपये. त्यात कमी आलेल्या २५ किलोचे, बिलातल्या दराने, ४,६५०. आलेल्या ४७५ किलोवर किलोमागे ६ रुपये जादा लावले त्याचे २,८५०. दोन्ही मिळून ७,५०० आणि त्यावरचा जीएसटी ३७५. ही फोड कागदावर करायचीच. नुसतं "७,८७५ जास्त लावलेत" म्हटलं की समोरचा वाद घालतो. कारणं वेगळी दाखवली की तो गोणीचं लगेच मान्य करतो आणि बोलणं फक्त दरावर राहतं.

इथे एक शब्द बहुतेकांना फसवतो, तो म्हणजे डेबिट नोट. खरेदीदार म्हणून तुम्ही टॅलीत डेबिट नोट काढता, ते तुमचं मागणीपत्र असतं: "तुमच्या खात्यातून एवढे कमी करतोय, कारण हे." तुमचे हिशेब त्याने बरोबर होतात, पण विक्रेत्याचा कर त्याने कमी होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे बिल जास्त लागलं, माल कमी निघाला किंवा परत गेला, तर क्रेडिट नोट काढायची ती विक्रेत्याने. त्याच कलमातली डेबिट नोटसुद्धा विक्रेत्याचीच असते, ती बिल चुकून कमी लागलं तर. नाव एकच, कागद दोन. आपल्या उदाहरणात तुमची डेबिट नोट म्हणजे मागणी आणि गिरणीची क्रेडिट नोट म्हणजे दुरुस्ती.

क्रेडिट नोट न घेता नुसते पैसे कापले तर काय होतं ते बघा. तुमच्या GSTR-2B मध्ये ४,६५० चं क्रेडिट दिसतं आणि तुमचा हक्क ४,२७५ चा असतो. वरचे ३७५ घेतले तर पुढे व्याजासकट भरायची वेळ येऊ शकते. शिवाय बिलाची रक्कम १८० दिवसांत पूर्ण दिली नाही तर न दिलेल्या भागावरचं क्रेडिट उलटवावं लागतं, हा नियम वेगळाच. तिकडे गिरणीच्या खात्यात तुमच्या नावावर ७,८७५ येणं दिसत राहतं. मार्चमध्ये त्यांचा हिशेबनीस फोन करतो, तेव्हा टेम्पोवाला कोण होता हेही कुणाला आठवत नाही.

मग करायचं काय? माल उतरतानाच चलनाच्या दोन्ही प्रतींवर "१९ गोण्या मिळाल्या" लिहून ड्रायव्हरची सही घ्या. ऑर्डर, आवक नोंद आणि बिल हे तीन कागद त्याच दिवशी शेजारी ठेवा. फरक दिसला की फोन जरूर करा, पण त्याच दिवशी मेल किंवा पत्रही पाठवा. विक्रेता उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर मालाबद्दलची लेखी हरकत १५ दिवसांत जायला हवी. नाही गेली, तर माल आला त्याच दिवशी तुम्ही तो स्वीकारला असं कायदा धरतो आणि पेमेंटची मुदत तिथून मोजली जाते.

हिशेबात बिल पूर्ण ९७,६५० ला चढवा आणि त्याच बिलासमोर ७,८७५ ची डेबिट नोट टाका. गिरणीची क्रेडिट नोट आली की तिचा नंबर आणि तारीख आपल्या डेबिट नोटवर लिहा. नवीन एंट्री करू नका. बरेच जण दोन्ही कागद वेगवेगळे चढवतात आणि खात्यातून १५,७५० वजा होतात. बाकी जुळत नसेल आणि फरक नेमका डेबिट नोटेएवढाच असेल, तर हेच झालंय असं समजा.

गिरणीने क्रेडिट नोट आपल्या GSTR-1 मध्ये दाखवली की ती पोर्टलवर तुमच्या IMS मध्ये येते. मूळ बिलाचा नंबर आणि रक्कम तपासून ती स्वीकारा. कंटाळा म्हणून किंवा चुकून नाकारलीत, तर ते ३७५ पुन्हा गिरणीच्या देण्यात जमा होतात आणि नातं बिघडतं ते वेगळंच.

विक्रेता टाळाटाळ करत असेल तर त्याला त्याचा फायदा दाखवा. "शेठ, जो माल आलाच नाही त्याचाही कर तुम्ही भरताय." क्रेडिट नोटेला मुदतही असते. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर त्याला रक्कम सोडता येईल, पण कर कमी करून घेता येणार नाही. विक्रेता कंपोझिशनमध्ये असेल तर बिलात कर नसतोच, तिथे प्रश्न फक्त रकमेचा उरतो.

राहिला दराचा वाद, आणि इथे दरवेळी विक्रेत्याला दोष देणं मला पटत नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव सौद्याप्रमाणे हलतो. तुमच्या ऑर्डरवर "दर १८०" एवढंच असेल, तर गिरणीवाला म्हणणारच की माल निघाला त्या दिवसाचा भाव लावला. ऑर्डरवर तीन गोष्टी लिहा: हा दर कोणत्या तारखेपर्यंत कायम, वजन बारदान वगळून की धरून, आणि कमी वजन कोणाच्या काट्यावर ठरणार. तोंडी ऑर्डर दिली असेल तर गोणीचे पैसे मागा, मिळतील. किलोमागच्या सहा रुपयांसाठी मात्र तुमच्या हातात कागद नाही, हे आधी मान्य करा आणि मगच फोन उचला.