पॅडची खाज की इन्फेक्शन? आधी जागा बघा

पाळीचा तिसरा दिवस. मांड्यांच्या मध्ये आग होतेय, बसवत नाही, चालवत नाही. अशा वेळी बहुतेक मुली मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणतात. ती लावण्याआधी त्रास नेमका कुठे आहे, हे आरशात बघून घ्या.

इंदूरला नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं उदाहरण सांगते. तिला दर महिन्याला मांडीच्या सांध्यात, पॅडचे विंग्स दुमडतात तिथेच, दोन्ही बाजूंना लाल चट्टे यायचे. आतून काहीच त्रास नाही. पाळी संपली की तीन-चार दिवसांत सगळं साफ आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हा पॅडचा त्रास. घाम, ओलावा आणि घर्षणाने त्वचा सोलवटते. कधी पॅडमधला सुगंध किंवा मागचा गोंदही सोसत नाही. ती सुगंधी पॅड वापरायची, तेही ऑफिसात आठ-नऊ तास एकच! बिनवासाचं, मऊ कॉटन आवरणाचं पॅड घेतलं आणि दर चार-पाच तासांनी बदलायला लागली, तेव्हा चट्टे यायचे थांबले. चट्टे असताना नुसत्या पाण्याने धुवायचं, न घासता टिपून कोरडं करायचं आणि मांडीला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. साबण किंवा अँटिसेप्टिक मात्र तिथे नकोच, त्याने आग वाढते.

इन्फेक्शनची खाज सहसा योनीच्या तोंडाशी आणि आत असते. यीस्टचं असेल तर दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव जातो आणि लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबतं. माशासारखा वास किंवा पिवळा-हिरवा स्राव असेल तर इन्फेक्शन वेगळं आणि त्याचं औषधही वेगळं. पाळी चालू असताना स्राव कळत नाही, म्हणून रक्त थांबल्यावर दोन दिवस लक्ष ठेवा. पॅड बंद होऊन आठवडा झाला तरी खाज असेल, तर डॉक्टरांकडे जा. मांडीवर कडा उठलेलं गोल वर्तुळ पसरत असेल तर ते बहुधा गजकर्ण असतं. तेही डॉक्टरांनाच दाखवा.

आता त्या ट्यूबबद्दल. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही असतं. खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि त्या जागेची नाजूक त्वचा आणखी पातळ होते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती नकोच.

टॅम्पॉन वापरत असाल तर कमी रक्तस्रावाच्या दिवशी कोरडा टॅम्पॉन ओढून काढताना आत खरचटल्यासारखं दुखतं. त्या दिवशी कमी शोषणाचा घ्या किंवा पॅड लावा. आठ तासांपेक्षा जास्त एकच टॅम्पॉन कधीही ठेवू नका. टॅम्पॉन लावलेला असताना अचानक ताप, उलट्या, चक्कर किंवा उन्हाने भाजल्यासारखी लाली आली, तर तो काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा.