विश्लेषण : ‘दडपणाचा बादशहा’ खरेच असतो का? शेवटच्या षटकांचे आकडे काय सांगू शकतात?

९ एप्रिल २०२३, अहमदाबाद. कोलकात्याला शेवटच्या षटकात २९ धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर एक धाव निघाली आणि पुढच्या पाचही चेंडूंवर रिंकू सिंहने गुजरातच्या यश दयालला षटकार खेचले. त्या रात्रीत रिंकू ‘फिनिशर’ झाला आणि दयाल ‘दडपणाखाली कोलमडणारा’. मोसमानंतर गुजरातने दयालला सोडले.

१८ मे २०२४, बंगळूरु. दयाल आता बंगळूरुच्या संघात. प्लेऑफ गाठण्यासाठी चेन्नईला शेवटच्या षटकात १७ धावा हव्या आणि समोर महेंद्रसिंह धोनी व रवींद्र जडेजा. पहिल्याच चेंडूवर धोनीने षटकार ठोकला. दुसऱ्या चेंडूवर धोनी झेलबाद झाला आणि उरलेल्या चार चेंडूंत एकच धाव निघाली. षटकात एकूण ७ धावा. तोच गोलंदाज, तसेच शेवटचे षटक, आणि समोर याच कामासाठी सर्वाधिक नाव कमावलेला फलंदाज.

या दोन षटकांमधल्या १३ महिन्यांत दयालचे मन पोलादी झाले, असे म्हणता येईल. दोन्ही षटके मिळून बाराच चेंडू होतात आणि बारा चेंडूंवरून कोणाच्या मनाचा अंदाज बांधता येत नाही, असेही म्हणता येईल. दुसरे म्हणणे कंटाळवाणे आहे, पण आकडे बहुतांशी त्याच बाजूने उभे राहतात.

आधी प्रश्न नीट मांडू या

हाणामारीच्या षटकांत, म्हणजे १७ ते २० या षटकांत, चांगली फलंदाजी करणे हे कौशल्य आहे यात वाद नाही. यॉर्कर खणून काढणे, संथ चेंडू ओळखणे, मैदानाची छोटी बाजू हेरणे हे शिकता येते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. वाद आहे तो त्यापुढच्या दाव्याबद्दल. सामना पणाला लागल्यावर एखादा फलंदाज स्वतःच्याच नेहमीच्या पातळीपेक्षा वर जातो का, आणि पुढच्या वर्षीही जातो का? एखादा फलंदाज शेवटच्या षटकांत नेहमीच इतरांपेक्षा सरस असेल तर तो उत्तम फटकेबाज आहे. त्यावरून दडपणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

येथेच बहुतेक चर्चा घसरते. धोनीची एकदिवसीय सामन्यांतील यशस्वी पाठलागांमधली सरासरी शंभरच्या वर आहे, हा आकडा नेहमी दिला जातो. पण ‘यशस्वी’ हा शब्द निकाल लागल्यानंतर जोडलेला आहे. संघ जिंकला तेव्हा शेवटी खेळणारा फलंदाज बहुधा नाबादच असतो आणि नाबाद डाव सरासरी फुगवतात. तो बाद झाला आणि सामना गेला, असे डाव या यादीत येतच नाहीत. धोनी महान फिनिशर होता यावर या आक्षेपाने ओरखडा उठत नाही, पण त्याचा पुरावा म्हणून हा आकडा निकामी आहे.

मग तपासायचे कसे?

पहिली अट अशी की ‘दडपण’ म्हणजे काय हे निकाल न पाहता ठरवायचे. उदाहरणार्थ, दुसरा डाव, १७ ते २० षटके आणि चेंडू पडण्याआधी आवश्यक धावगती षटकामागे ८ ते १४ यांच्या दरम्यान. १२ चेंडूंत ५ हव्या असतील तर दडपण नाही, १२ चेंडूंत ५० हव्या असतील तर सामनाच उरलेला नाही. ८ ते १४ ऐवजी कोणी ९ ते १५ घेतले तरी चालेल. मात्र आकडे पाहून झाल्यावर सीमा सरकवायची नाही. सीमा हलवत राहिले की कोणताही फलंदाज केव्हातरी ‘बादशहा’ ठरतोच.

दुसरी गोष्ट तुलनेची. सर्वात प्रामाणिक तुलना म्हणजे त्याच फलंदाजाची पहिल्या डावातील १७ ते २० षटके. चेंडू तितकाच जुना, गोलंदाज साधारण त्याच दर्जाचे, क्षेत्ररचनेचे नियम तेच. फरक फक्त समोरच्या लक्ष्याचा. अर्थात दुसऱ्या डावात दव पडते, आणि आठच्या धावगतीला एकेरी-दुहेरी धावांवरही काम भागते म्हणून फलंदाज मुद्दाम धोका टाळतो. त्यामुळे नुसता स्ट्राइक रेट घेऊन भागत नाही. तितक्याच धावा, तितकेच चेंडू आणि तितकेच गडी बाकी असताना स्पर्धेतील सर्व फलंदाजांनी सरासरी किती काढल्या ते पाहायचे आणि त्या अपेक्षेपेक्षा हा फलंदाज किती वर-खाली राहिला ते मोजायचे. दोन्ही डावांतील अशा फरकांची वजाबाकी केली की हाती येतो त्याचा ‘दडपण-गुण’.

यासाठी लागणारी चेंडूगणिक माहिती ‘क्रिकशीट’ या संकेतस्थळावर मोफत मिळते. लॅपटॉप आणि एक रविवार पुरतो. खरी अडचण पुढे येते.

२४ चा गोंधळ

सोपा हिशेब करण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. शेवटच्या षटकांतील दर १०० चेंडूंपैकी ३० निर्धाव, ४० वर एक धाव, १० वर दोन, १० चौकार आणि १० षटकार. सरासरी येते चेंडूमागे १.६, म्हणजे स्ट्राइक रेट १६०. पण या आकड्यांचा पसारा मोठा आहे. शून्य आणि सहा शेजारीशेजारी पडतात, त्यामुळे एका चेंडूचे प्रमाण विचलन सुमारे १.८५ धावा भरते.

आता समजा, एका फलंदाजाला मोसमात दडपणाचे ६० चेंडू खेळायला मिळाले. १.८५ ला ६० च्या वर्गमुळाने भागले की उरतात ०.२४. म्हणजे स्ट्राइक रेटमध्ये २४ गुणांची निव्वळ नशिबाची हालचाल. ज्याची खरी पातळी १६० आहे तो तीनपैकी साधारण दोन मोसमांत १३६ ते १८४ यांच्या मध्ये कोठेही दिसेल आणि उरलेल्या मोसमात त्याच्याही बाहेर. १३६ वाल्याला ‘दडपणात गळपटला’ म्हणायचे आणि १८४ वाल्याला लिलावात जादा पैसे मोजायचे, तर दोन्ही वेळा माणूस एकच असू शकतो.

गोष्ट इथे थांबत नाही. तुलनेसाठी घेतलेला पहिल्या डावाचा आकडाही तितकाच डळमळीत असतो. तेथेही ६० चेंडू धरले तर वजाबाकी केल्यावर २४ चा गोंधळ ३४ वर जातो. दोन हलत्या काठ्यांच्या टोकांमधले अंतर मोजण्यासारखेच हे आहे.

आता उलट बाजूने पाहू. दडपणाचे कौशल्य खरोखरच असते आणि फलंदाजाफलंदाजांत त्याचा फरक ८ गुणांचा असतो, असे मानू. तरीही एका मोसमाचा दडपण-गुण आणि पुढच्या मोसमाचा दडपण-गुण यांच्यातील सहसंबंध येईल सुमारे ०.०५. चाळीस फलंदाजांची यादी घेतली तर काहीही संबंध नसताना केवळ योगायोगाने हा आकडा ०.१६ इतका वर-खाली होतो. म्हणजे कौशल्य असले तरी ते या चाचणीत दिसणार नाही. एका फलंदाजाच्या गुणात नशीब निम्म्यावर आणायचे असेल तर दोन्ही डावांत प्रत्येकी सुमारे १,०७५ चेंडू लागतील. मोसमाला ६० च्या हिशेबाने १८ मोसम. आयपीएलचेच २०२५ पर्यंत १८ मोसम झाले.

बेसबॉलने हा घोळ आधी घातला आहे

अमेरिकेत हाच वाद ‘क्लच हिटर’ या नावाने झाला. १९७७ मध्ये डिक क्रेमर यांनी १९६९ आणि १९७० या दोन मोसमांतील फलंदाजांची तुलना केली. एका वर्षी मोक्याच्या क्षणी चमकलेले पुढच्या वर्षी चमकतातच असे दिसले नाही. क्लच असे काही नसते, हा निष्कर्ष पुढे जवळपास वेदवाक्य झाला. ज्यांच्या लेखनाने बेसबॉलमधील आकडेवारीची चळवळ उभी राहिली, त्या बिल जेम्स यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच गोटाला टोकले. त्यांचा मुद्दा वरच्या वजाबाकीचाच होता. ही पद्धत इतकी धुरकट आहे की धुक्यात कोणी उभा असला तरी ती ‘कोणी नाही’ असेच सांगेल.

२००६ मधील ‘द बुक’ या पुस्तकाच्या लेखकांनी वेगळा मार्ग धरला. एकेकाचे नाव शोधण्याऐवजी सर्व फलंदाजांच्या गुणांचा एकत्रित पसारा नशिबाने पडेल त्याहून रुंद आहे का, हे त्यांनी पाहिले. थोडासा रुंद निघाला. बाद न होता बेस गाठण्याच्या प्रमाणात साधारण सहापैकी एक फलंदाज दडपणात हजारी ८ किंवा अधिक गुणांनी वर जातो आणि तितकेच खाली येतात. कौशल्य आहे, पण चिमूटभर.

क्रिकेटमध्येही हीच चाचणी करता येते. प्रत्येक फलंदाजाच्या शेवटच्या षटकांतील डावांवर ‘दडपण’ आणि ‘साधे’ अशा चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि त्या हजार वेळा पिसायच्या. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या दडपण-गुणांचा पसारा मोजायचा. खरा पसारा या हजारांतल्या बहुतेकांपेक्षा रुंद असेल तरच काहीतरी आहे. पिसताना एक चूक हमखास होते. चेंडू सुटेसुटे पिसले जातात. एका डावातील चेंडू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. खेळपट्टी तीच, गोलंदाज तोच, जमलेला फलंदाजही तोच. म्हणून पूर्ण डाव उचलून पिसायचा, नाहीतर गोंधळ असतो त्यापेक्षा कमी भासतो आणि नसलेले कौशल्य दिसू लागते.

समजा, क्रिकेटमध्ये तो ८ गुणांचा फरक खरा निघाला. शेवटी १० चेंडू खेळणाऱ्यासाठी त्याची किंमत होते ०.८ धाव. एक धावही नाही. संघनिवडीत आणि लिलावात ‘मोठ्या सामन्याचा खेळाडू’ म्हणून जो भाव लावला जातो, तो याहून कितीतरी मोठ्या फरकाचा असतो. त्यापेक्षा फलंदाजाच्या दोन्ही डावांतील हाणामारीच्या षटकांचे सगळे चेंडू एकत्र मोजणे अधिक शहाणपणाचे. तेथे चेंडू जास्त आणि वजाबाकी नाही, त्यामुळे खरे कौशल्य लवकर वर येते. गोलंदाजांनाही हाच न्याय लावला असता, तर पाच षटकारांवरून दयालच्या काळजाचे निदान करायची कोणाला घाई झाली नसती.

दडपण नसते, असा याचा अर्थ नाही. हात थरथरतात, घसा कोरडा पडतो, हे कोणताही खेळाडू सांगेल. पण आयपीएलच्या शेवटच्या षटकात उभा असलेला फलंदाज बऱ्याच चाळण्यांतून आलेला असतो. कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर शेवटच्या षटकात जो खरोखर गोठून गेला, तो बहुधा पुढे मुंबईच्या संघापर्यंत पोहोचलाच नाही. त्याचे चेंडू कोणत्याही फाइलमध्ये नाहीत. वरपर्यंत पोहोचलेल्यांत फरक इतका कमी का दिसतो, याचे निम्मे उत्तर त्या न नोंदलेल्या चेंडूंत असू शकते.