१५ नव्हे, ३५ किलो!

पाटण तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवरून रेशनकार्डाचा फोटो आमच्याकडे आला. कार्ड कायम दुकानातच ठेवून घेतलेलं. घरच्या बाईने ते भांडून मागितलं आणि पोराने फोनवर फोटो काढला. कार्डावर पाच नावं, पदरात पडतं १५ किलो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वरूनच तेवढं येतं."

हे 'वर' कुठं आहे ते बघू.

फोटोत आधी शिक्का शोधायचा. इथं 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे. म्हणजे अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे माणशी महिना ५ किलो. यादीत नाव असलेलं लहान पोरही एक माणूसच. पाच नावं, पाच पंचे २५ किलो. त्यात गहू किती, तांदूळ किती हे सरकार बदलतं. बेरीज बदलत नाही. आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे.

मग १० किलो गेले कुठं? मशीनची पावती मागा. पावतीवर २५ आणि हातात १५, तर चोरी दुकानात. पावतीवरच १५ असतील, तर संगणकातल्या यादीत तीनच माणसं आहेत. या घराचं तेच निघालं. दोन धाकट्या पोरांचं आधार जोडलेलं नाही, म्हणून मशीनच्या लेखी ती जन्मलीच नाहीत! आधार नाही म्हणून नाव कमी करू नका, धान्य नाकारू नका, असं केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने राज्यांना कळवलं आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत ते पत्र कुणी वाचलं की नाही, हे आम्ही विचारणार आहोत.

पण खरी लूट पुढंच आहे. हे कुटुंब कातकरी. कातकरी ही सरकारने मानलेली आदिम जमात, आणि आदिम जमातीच्या कुटुंबांना अंत्योदयात घ्यायचं असं सरकारचंच धोरण आहे. अंत्योदयात माणसं मोजत नाहीत, कार्डाला ३५ किलो. म्हणजे शिक्काच चुकीचा! दर महिन्याला २० किलो बुडाले.

शिराळ्याकडचे धनगर साथी विचारतील, आमचं काय? आदिम जमातीच्या यादीत तुम्ही नाही. पण निराधार विधवा, अपंग, म्हातारी माणसं यांची घरंही अंत्योदयात बसतात. आणि आठ-नऊ माणसांच्या घराने मात्र आधी हिशेब करावा. आठ माणसांना प्राधान्याचे ४० होतात, अंत्योदयाचे ३५च.

या घराचे दोन अर्ज आम्ही तहसीलदारांकडे देत आहोत, एक पोरांच्या नावांचा, दुसरा अंत्योदयाचा. दोन्हींची पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. तुमच्या वस्तीवरचे फोटो पाठवा. शिक्का आणि नावांचं पान दोन्ही दिसलं पाहिजे, आणि सोबत मागच्या महिन्याची पावती.