विश्लेषण : टायटॅनिकच्या १७७ प्रवाशांचे वय काय धरायचे?

१५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील ८९१ प्रवाशांची एक यादी आज विदाविज्ञान शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात उघडली जाते. प्रवाशाचे नाव, लिंग, वर्ग, वय, भाडे आणि तो वाचला की नाही, अशी साधी रकान्यांची मांडणी. त्यातील वयाचा रकाना १७७ जणांपुढे रिकामा आहे. लहान मुले जास्त वाचली का, हा प्रश्न विचारण्याआधी या रिकाम्या जागांचे काय करायचे हे ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी हा निर्णय एका ओळीत उरकला जातो: एकतर त्या ओळी गाळतात किंवा तिथे ‘२८’ लिहितात. या दोन्ही मार्गांनी उत्तर बदलते, आणि ते कसे बदलते हे पाहण्यासारखे आहे.

रिकाम्या जागा कोणाच्या आहेत?

पहिला प्रश्न हाच असायला हवा आणि नेमका तोच विचारला जात नाही. पहिल्या वर्गातील २१६ प्रवाशांपैकी ३० जणांचे वय नोंदलेले नाही, दुसऱ्या वर्गातील १८४ पैकी ११ जणांचे. तिसऱ्या वर्गात मात्र ४९१ पैकी १३६ जणांचे, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांचे वय गायब आहे. वय हरवण्याचा संबंध प्रवाशाच्या परिस्थितीशी आहे, तो निव्वळ योगायोग नाही. आणि परिस्थितीचा संबंध जिवंत राहण्याशी होता. वय ठाऊक असलेल्या ७१४ पैकी २९० वाचले, म्हणजे सुमारे ४१ टक्के. वय ठाऊक नसलेल्या १७७ पैकी ५२ वाचले, म्हणजे सुमारे २९ टक्के.

ओळी गाळल्या तर?

१७७ ओळी गाळल्या की यादी ७१४ जणांची उरते आणि तिचा चेहरा बदलतो. मूळ यादीत तिसऱ्या वर्गाचे प्रवासी ५५ टक्के होते, ते ५० टक्क्यांखाली येतात. एकूण वाचलेल्यांचे प्रमाण ३८.४ वरून ४०.६ टक्क्यांवर जाते. म्हणजे आपण नकळत थोड्या सधन जहाजाचा अभ्यास करू लागतो.

पण गाळणे सरसकट वाईट, असे म्हणणेही घाईचे ठरेल. फक्त तिसऱ्या वर्गाकडे पाहा. तिथे वय ठाऊक असलेल्यांत सुमारे २४ टक्के वाचले आणि वय ठाऊक नसलेल्यांत २५ टक्के. फरक नगण्य आहे. तिसऱ्या वर्गापुरती तुलना करायची असेल तर ओळी गाळून फारसे काही बिघडत नाही; गट लहान होतो, एवढेच. नुकसान होते ते सगळे वर्ग एकत्र मिसळून गाळल्यावर. संख्याशास्त्रज्ञ डोनल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये हरवलेल्या नोंदींचे जे प्रकार मांडले, त्यांचा गाभा हाच आहे: नोंद का हरवली, याचा उलगडा आपल्याजवळच्या इतर रकान्यांतून होतो की नाही? होत असेल, तर तो रकाना तुलनेत धरायचा.

‘२८’ भरले तर?

२८ हा वय ठाऊक असलेल्या प्रवाशांचा मध्यक, म्हणजे वयाच्या क्रमाने उभे केल्यावर मधोमध येणारे वय. सरासरी २९.७ असली तरी काही वयस्कांमुळे ती वर ओढली जाते, म्हणून मध्यक बरा, असे सांगतात. एका माणसाबद्दल अंदाज करायचा तर ते ठीकही आहे. पण तोच आकडा १७७ जणांना दिला की जहाजावर अचानक अठ्ठावीस वर्षांच्या माणसांची जत्रा भरते: आधी असे २५ जण होते, ते २०२ होतात.

त्यातून दोन गोष्टी घडतात. वयांचा पसारा दर्शवणारे प्रमाण विचलन १४.५ वरून १३ वर येते. खरी माणसे एकमेकांसारखी झालेली नसतात, फक्त आपली नोंद तशी झालेली असते. आणि गटांमधील अंतर आकसते. पहिल्या वर्गाचे सरासरी वय ३८.२ होते, तिसऱ्याचे २५.१. दोन्हीकडे २८ भरल्यावर ते ३६.८ आणि २५.९ होते. तेरा वर्षांचे अंतर अकरावर आले, तेही एकाही प्रवाशाबद्दल नवी माहिती न मिळता.

मुले आणि मोठे यांची तुलना कशी बिघडते?

अठरा वर्षांखालील ११३ प्रवाशांची वये ठाऊक आहेत. त्यांपैकी ६१ वाचले, म्हणजे ५४ टक्के. अठरा किंवा त्याहून मोठे ६०१, त्यांपैकी २२९ वाचले, म्हणजे ३८.१ टक्के. अंतर सुमारे १६ टक्क्यांचे. आता १७७ जागांवर २८ भरा. ते सगळेच्या सगळे मोठ्यांच्या गटात जातात. मोठे ७७८ होतात, त्यांतले वाचलेले २८१, आणि प्रमाण ३६.१ टक्क्यांवर घसरते. मुलांचे ५४ टक्के तसेच राहतात. अंतर आता १८ टक्क्यांचे झाले. मुलांना प्राधान्य मिळाले हा निष्कर्ष अधिक ठसठशीत दिसू लागतो, पण तो ठसठशीतपणा तिसऱ्या वर्गातील अज्ञात वयाच्या लोकांनी आणलेला आहे.

वर्गवार मध्यक भरावा, हा नेहमीचा सल्ला. पहिल्या वर्गाला ३७, दुसऱ्याला २९, तिसऱ्याला २४. वर्गांच्या सरासरीची तुलना करायची तर हे नक्कीच बरे. मुले-मोठे या तुलनेत मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिन्ही आकडे अठरापेक्षा मोठे आहेत. कोणतेही ‘नेहमीचे’ वय एकाही मुलाला मूल ठरवत नाही. रेषा आखून गट पाडायचे असतील तर प्रातिनिधिक आकडा भरणे हे साधनच चुकीचे आहे, असे आमचे मत.

याचा पुरावा त्याच यादीत आहे. नावापुढे ‘मास्टर’ ही उपाधी त्या काळी लहान मुलग्यांना लावत. यादीत असे ४० जण आहेत. त्यांपैकी वय ठाऊक असलेल्या ३६ जणांची सरासरी साडेचार वर्षांच्या आसपास येते, आणि चौघांचे वय रिकामे आहे. २८ भरणारा माणूस या चार मुलांना कर्ते पुरुष करून टाकतो. ‘मिस’ लिहिलेल्या ३६ जणींचेही वय नाही, पण तिथे उपाधी मदत करत नाही. अविवाहित स्त्री चार वर्षांचीही असेल, चाळीसचीही.

मग करायचे काय?

वर्गांची किंवा स्त्री-पुरुषांची तुलना करायची असेल आणि वय त्यात नकोच असेल, तर कोणालाही गाळू नये. वय नाही म्हणून माणूस मोजणीतून का जावा? मुले-मोठे अशी तुलना असेल तर चार ‘मास्टर’ मुलांमध्ये घ्यावेत, उरलेल्यांचा ‘वय अज्ञात’ असा तिसरा गट ठेवावा आणि प्रत्येक वर्गात स्वतंत्र आकडे द्यावेत. वय भरणे अटळच असेल, तर एकच आकडा न भरता उपाधी, वर्ग आणि लिंग सारखे असलेल्या प्रवाशांच्या वयांतून यादृच्छिक निवड करावी, हे पुन:पुन्हा करून दर वेळी अंतर किती येते ते पाहावे. त्या उत्तरांतील चढउतार म्हणजेच रिकाम्या जागांमुळे आलेली अनिश्चितता. मध्यक भरल्यावर नेमकी तीच दिसेनाशी होते. कोणताही मार्ग धरला तरी तक्त्याखाली एक ओळ हवी: किती वये नव्हती, कोणत्या गटात नव्हती आणि त्यांचे काय केले.