त्रेसष्ट हजारांचा अर्ज

शेजारच्या घरातला मुलगा पुण्याजवळच्या एका कंपनीत नोकरीला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच्या आईचं यवतमाळला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. कंपनीच्या सामूहिक विमा पॉलिसीत आईवडिलांचाही समावेश असल्यामुळे खर्च परत मिळणार होता, पण त्यासाठी अर्ज करायचा होता. माझी नोकरी आस्थापना शाखेत गेली, म्हणून गावात कुणालाही असा अर्ज लिहायचा असला की कागद माझ्याकडे येतात. त्याने कागदांच्या आधी मोबाईलवर मजकूर पाठवला:

“काका, मायले गुरुवारी रातच्याला पोटात लई दुखलं. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन देल्लं, पन फरक नाई पडला. मंग जीप करून यवतमाळले भरती केलं. पाच दिवस होती. आधी दहा हजार भरले, मंग बाकीचे. पोळ्याच्या आसपास सोनोग्राफी बी झाली होती. सारं मिळून त्रेसष्ट हजार लागले. तेवढे कंपनीकडून भेटतीन ना?”

या चार ओळींत अर्जाचा जवळजवळ सगळा मजकूर आहे. कोण आजारी, नातं काय, काय झालं, कुठे नेलं, किती दिवस, किती पैसे, सगळं त्याने सांगितलंय. फक्त ते जसं आठवलं तसं सांगितलेलं आहे, आणि अर्जात कागद सांगेल तेच लिहावं लागतं. म्हणून मी अर्ज लिहायला बसत नाही. आधी एकेक वाक्य घेतो आणि त्याचा कागद मागतो.

“गुरुवारी रातच्याला” म्हणजे 11 सप्टेंबर. गावातल्या डॉक्टरांची साडेआठशेची पावती त्याच तारखेची निघाली. यवतमाळच्या दवाखान्यात नोंद मात्र पहाटे पावणेदोनला झाली, म्हणून भरतीची तारीख 12 सप्टेंबर. सुट्टी 16 तारखेला मिळाली. घरच्यांनी दिवस मोजले ते पाच, दवाखान्याने खोलीचं भाडं लावलं चार दिवसांचं. अर्जात 11 ला भरती आणि पाच दिवस असं गेलं असतं, तर डिस्चार्ज कार्डाशी मेळ बसला नसता आणि नुसत्या खुलाशात पंधरा दिवस गेले असते. “पोळ्याच्या आसपास”ची सोनोग्राफी निघाली 20 ऑगस्टची. ती तारीख पुढे फार कामाला आली.

त्याला मी एकच विचारलं, की कंपनीला भरतीची खबर कधी दिली? तो म्हणाला, “साहेबाले सकाळीच मेसेज केला ना, सुट्टी पाहिजे म्हनून.” सुट्टी मागणं आणि दाव्याची सूचना देणं या वेगळ्या गोष्टी. त्याच्या पॉलिसीत 48 तासांच्या आत सूचना द्यावी असं होतं. सुदैवाने त्या मेसेजात “मायले यवतमाळले भरती केलं” हे वाक्य होतं आणि 12 तारीख होती. त्याची छापील प्रत जोडली आणि अर्जात सरळ लिहिलं, की वरिष्ठांना त्याच दिवशी कळवलं होतं, वेगळा फॉर्म मात्र भरलेला नाही. जे झालं नाही ते झालं असं लिहू नये. अशा ठिकाणी लोक मागची तारीख टाकून फॉर्म भरतात आणि त्या एका कागदामुळे अख्ख्या दाव्यावर संशय येतो.

मग आकडे. त्रेसष्ट हजारांची बेरीज त्याने पावत्या आणि जीपचं भाडं धरून केली होती, ती नेमकी 63,130 भरली. पावत्या मांडल्या तेव्हा घोळ दिसला. दवाखान्याचं अंतिम बिल 36,700 रुपयांचं होतं. त्यापैकी 10,000 भरतीच्या वेळी आगाऊ भरले आणि 26,700 सुट्टीच्या वेळी. त्याने बिलही धरलं आणि आगाऊ रकमेची पावतीही वेगळी धरली. ही चूक नेहमी होते, कारण माणसाला खिशातून पैसे गेल्याची प्रत्येक वेळ आठवते. बिल म्हणजे खर्च, पावती म्हणजे तो भरल्याचा पुरावा. बेरजेत बिल घ्यायचं, पावत्या त्यामागे टाचायच्या.

जीपवाल्याला दिलेल्या दोन हजारांची पावती नव्हती, आणि पॉलिसीत नोंदणीकृत रुग्णवाहिकेचाच खर्च होता. ती रक्कम गेली. नागपंचमीनंतर घेतलेल्या पोटदुखीच्या गोळ्यांचं 640 रुपयांचं बिल 3 ऑगस्टचं होतं. भरतीपूर्वीचे 30 दिवस आणि सुट्टीनंतरचे 60 दिवस एवढ्यातलाच खर्च पॉलिसी धरते. 12 सप्टेंबरच्या मागे 30 दिवस मोजले की 13 ऑगस्ट येतो, म्हणून गोळ्या बाहेर आणि 20 तारखेची सोनोग्राफी आत. त्यावर तो म्हणाला, “पन काका, आमच्याइथले जुने लोक म्हनतात, मेडिकलची कोनतीबी बिलं देल्ली तर चालते.” तसं चालायचं, पण ती सोय वेगळी होती. मालकाने वैद्यकीय खर्चापोटी दिलेल्या रकमेतले वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत आयकरातून सुटत, म्हणून लोक सर्दी-खोकल्याचीही बिलं जमवत. 2018 च्या अर्थसंकल्पाने ती सूट काढली आणि तिच्या जागी 40,000 रुपयांची प्रमाणित वजावट आणली. त्या वजावटीला बिलं लागत नाहीत. विम्याच्या दाव्याशी त्या जुन्या सवयीचा काही संबंध नाही.

उरले 50,490 रुपये. यात दवाखान्याचं बिल, औषधांचे 9,600, सोनोग्राफी आणि त्या दिवशीची तपासणी मिळून 1,700, गावातले 850 आणि नंतरच्या औषधांचे व तपासणीचे 1,640.

औषधांच्या बिलांचा गठ्ठा पाहून मला दर वेळी काळजी वाटते. एका बिलावर आधारवरचं नाव होतं, दोन बिलांवर घरी हाक मारतात ते नाव, तीन बिलांवर नुसतं “श्री.” आणि पुढे रिकामं. दवाखान्यालगतच्या दुकानात रात्री दोन वाजता धावतपळत औषध आणणाऱ्याला नाव सांगायचं सुचत नाही, हे मी समजू शकतो. पण हाताने नाव भरू नये. दुकानदाराकडे बिल क्रमांक घेऊन जायचं आणि पूर्ण नावाची नवी प्रत काढून आणायची, तो काढून देतो. उष्णतेवर छापलेली पातळ बिलं महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांच्या झेरॉक्स आधी काढून ठेवल्या. परत केलेल्या दोन इंजेक्शनांची रक्कम बिलातून वजा झालेली आहे ना, तेही पाहिलं. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

आता मर्यादा. पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला 2,000 पर्यंत होतं आणि आईला ठेवलं होतं 2,500 च्या खोलीत, कारण त्या रात्री तीच रिकामी होती. चार दिवसांचे दोन हजार रुपये इथे गेले. नोंदणी फी, सोबतच्याचं जेवण, हातमोजे वगैरे मिळून 1,300 रुपयेही मिळत नाहीत, त्यांची यादी पॉलिसीच्या मागच्या पानांत असते. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. यापुढचं मात्र पुष्कळांना माहीत नसतं. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर नुसतं वाढीव भाडं कापत नाहीत, त्याच प्रमाणात इतर खर्चही कापतात. 2,500 पैकी 2,000 म्हणजे 80 टक्के, म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांच्या 22,000 रुपयांतूनही 20 टक्के, म्हणजे 4,400 जाणार.

ही कपात कुठवर करायची याला बांध आहे. विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्ये काढलेल्या सूचनांत सांगितलं, की औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या खर्चावरही नाही. आणखी एक वाक्य आहे, ते आपल्याकडच्या लहान दवाखान्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. जो दवाखाना खोलीच्या दर्जानुसार वेगवेगळे दर लावत नाही, तिथे ही कपात करायची नाही. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत जनरल वॉर्डातल्या माणसाला ऑपरेशनचा एक दर आणि स्वतंत्र खोलीतल्याला दुसरा असतो, म्हणून ही कपात जन्माला आली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वीस-पंचवीस खाटांच्या दवाखान्यात सर्जनची फी बहुधा सगळ्यांना एकच असते. मुलाच्या पॉलिसीत हे कलम शब्दशः होतं, ‘संलग्न वैद्यकीय खर्च’ या व्याख्येखाली. मी त्याला दवाखान्यात पाठवलं आणि लेटरहेडवर दोन ओळी मागवल्या: आमच्याकडे शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क सर्व प्रकारच्या खोल्यांसाठी सारखेच आहे. त्यांनी दरपत्रकाच्या प्रतीसह दिल्या. 4,400 रुपये वाचले.

म्हणजे 50,490 मधून 2,000 आणि 1,300 वजा, मागणी 47,190 ची. माझा आग्रह असा, की ही वजाबाकी आपणच अर्जात दाखवावी. “कापायचं ते त्यांनी कापावं, आपन पुरे मागू” असं मुलाचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. पूर्ण रक्कम मागितली की कापणाऱ्याच्या हातात पेन्सिल जाते, आणि तो 20 टक्के औषधांवरही लावून मोकळा होतो. त्यांनी कुठली रक्कम कोणत्या कलमाखाली कापली हे आपल्याला मग शोधत बसावं लागतं. आपण तक्त्यात बिल क्रमांक, तारीख, रक्कम, वजा, कारण आणि मागणी असे रकाने केले, की तपासणाऱ्याला आपल्याच ओळींवर टिक करत जावं लागतं. जिथे आपलं म्हणणं आणि त्याचं म्हणणं वेगळं होईल, तेवढ्याच ओळीवर बोलणं होतं.

अर्ज एवढाच झाला:

“माझ्यावर अवलंबून असलेल्या आईस पित्ताशयातील खडे व तीव्र दाह यासाठी दि. 12 ते 16 सप्टेंबर 2025 या काळात यवतमाळ येथे दाखल करून दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करण्यात आली. एकूण खर्च रु. 50,490 असून सोबतच्या तक्त्यात दाखवल्याप्रमाणे पॉलिसीच्या मर्यादेबाहेरील रु. 3,300 वजा जाता रु. 47,190 ची प्रतिपूर्ती मिळावी, ही विनंती. खोलीच्या प्रकारानुसार शुल्क बदलत नसल्याचे रुग्णालयाचे प्रमाणपत्र क्र. 9 वर जोडले आहे. दाखल केल्याची सूचना 12 सप्टेंबर रोजी वरिष्ठांना संदेशाद्वारे दिली होती. त्याची प्रत क्र. 10 वर आहे. वेगळा फॉर्म मात्र भरलेला नाही.”

मोबाईलवर आलेल्या त्या चार ओळींतलं दाव्यात बसणारं काहीही अर्जात आणि तक्त्यात सुटलेलं नाही. “लई दुखलं” याची जागा तेवढी डिस्चार्ज कार्डावरच्या निदानाने घेतली. मूळ कागद कुरिअरने पाठवले, प्रत्येक पानावर क्रमांक टाकून, आणि सगळ्यांचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये ठेवले. सुट्टीनंतर 30 दिवसांची मुदत 16 ऑक्टोबरला संपत होती, अर्ज 6 तारखेला पोचला.

विमा कंपनीकडून एकच विचारणा आली: पोटदुखी पहिल्यांदा कधीपासून? डॉक्टरांनी केसपेपरवर “दोन महिन्यांपासून अधूनमधून” असं लिहिलं होतं आणि मुलगा घाबरला, की आता जुना आजार म्हणून नाकारतील. त्याच्या सामूहिक पॉलिसीत जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण होतं, ते कलम दाखवून “दोन महिने” हेच उत्तर दिलं. दिवाळी झाल्यावर खात्यात 46,690 रुपये आले. कमी आलेले पाचशे 20 ऑगस्टच्या तपासणीचे होते. त्या पावतीवर दारव्ह्याच्या डॉक्टरांची सही होती, नोंदणी क्रमांकाचा शिक्का नव्हता. शिक्का मारून आणायला मुलाचे वडील दारव्ह्याला गेले आहेत.