सगाईआधी सांगावयाची गोष्ट

कर्जतच्या बाजारपेठेत असो वा खोपोलीच्या पेढीवर, मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असताना तिच्या आजाराचा विषय निघाला की घरातील वडीलधारी माणसे आवाज खाली आणतात. पोलिओने आखडलेला पाय लपत नाही. त्यामुळे त्याविषयी निदान उघड बोलणे तरी होते. अपस्मार, म्हणजे ज्याला घरोघरी ‘फिट येणे’ म्हणतात, तो मात्र वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस कोणालाच दिसत नाही. म्हणून तो लपविण्याचा मोह सर्वांत मोठा, आणि त्या लपविण्याची किंमतही सर्वांत मोठी.

उदाहरण घ्यावयाचे तर अशा एका मुलीचे घेता येईल, जिच्यासारखी मुलगी कर्जत-खालापूर परिसरातील कोणत्याही व्यापारी घरात असू शकते. वय सव्वीस, शिक्षण बी.कॉम., वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानाचा जीएसटी आणि उधारीखाते तीच पाहते. चौदाव्या वर्षी सकाळी चहाचा कप अचानक हातातून उडाला. पुढे असे झटके वरचेवर येऊ लागले. घरच्यांनी ‘धांदरट’ म्हणून दटावले. वर्षभराने चुलतभावाच्या लग्नात रात्रभर जागरण झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेशुद्ध होऊन कोसळली, तेव्हा कुठे न्यूरॉलॉजिस्टकडे नेणे झाले. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचा हा एक परिचित प्रकार आहे: सकाळच्या वेळी हातांना झटके, आणि झोप मोडली की मोठी फिट. औषधाने तो बहुधा उत्तम ताब्यात राहतो. पण औषध सोडले की बहुतेकांना पुन्हा त्रास होतो, म्हणून गोळी अनेक वर्षे, कित्येकदा जन्मभर घ्यावी लागते. या मुलीला गेली दोन वर्षे एकही फिट आलेली नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक अशी पाचशे मिलिग्रॅमची लेव्हेटिरॅसिटाम ही गोळी ती न चुकता घेते.

आता खोपोलीच्या एका घरातील मुलाशी तिची ओळख झाली आहे. आधी नातेवाइकांच्या लग्नात भेट, मग तीन महिने फोनवर बोलणे, दोनदा लोणावळ्याला मित्रमैत्रिणींसह फिरणे. दोन्ही घरांना हे ठाऊक आहे आणि पसंतही. तिची इच्छा आहे की त्याला सारे सांगावे. आईचे म्हणणे ठरलेले: “आधी लग्न होऊ दे बेटा, मग हळूहळू सांगू. दोन वर्षांत काही झाले नाही, आता कशाला तोंडाने अपशकुन?” आत्या त्याहून पुढे जाऊन सांगते की लग्न झाले की फिट आपोआप थांबतात. ही समजूत महाराष्ट्रात फार जुनी आहे आणि तिला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही.

आईच्या भीतीला मात्र एके काळी आधार होता, आणि तो कायद्यातच होता. जैन समाजाचे विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात. १९७६ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्याला वारंवार अपस्माराचे झटके येतात अशी व्यक्ती विवाहास अपात्र, असे कलम ५ मध्ये लिहिले गेले. म्हणजे त्या काळात खरे सांगणारे कुटुंब स्वतःच्याच मुलीविरुद्ध पुरावा देत असे. १९९९ मध्ये ‘अपस्मार’ हा शब्द कलमातून वगळण्यात आला. आज हा आजार असल्यामुळे कोणाचा विवाह रद्द होऊ शकत नाही. घरोघरीच्या समजुती मात्र अजून १९७६ च्याच पानावर अडकल्या आहेत.

याच्या उलट बाजूचे कलमही १९७६ मध्येच बदलले, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. कलम १२ सांगते की फसवणुकीने संमती मिळविली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभी नेमका असाच खटला आला होता. वधूला अपस्मार असल्याचे लग्नाआधी सांगितले गेले नाही, म्हणून पतीने विवाह रद्द करण्याची मागणी केली. बरा होऊ शकणारा आजार न सांगणे ही त्या कलमातील फसवणूक नव्हे, असे म्हणून न्यायालयाने ती मागणी नाकारली. पण तेव्हा कलमात ‘फसवणूक’ एवढाच शब्द होता. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात समोरच्या व्यक्तीसंबंधीची कोणतीही महत्त्वाची बाब वा परिस्थिती लपविणे याचाही समावेश झाला. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही आपखुशीने एकत्र नांदले असल्यास हा मार्ग बंद होतो. लपविलेली गोष्ट ‘महत्त्वाची’ होती की नाही हे न्यायालय त्या त्या प्रकरणातील परिस्थिती पाहून ठरविते. तात्पर्य व्यापाऱ्यांना समजेल अशा भाषेत एवढेच, की आज आजार हा दोष राहिलेला नाही. मालातील खोट न सांगता केलेला सौदा हा मात्र दोष आहे. सौद्याची उपमा मुलीला लावणे कानाला खटकते खरे, पण बोलणी करणारी मंडळी विचार त्याच भाषेत करतात.

कोर्टाची पायरी फार थोडी घरे चढतात. खरा धोका त्याआधी, सासरच्या पहिल्याच आठवड्यात असतो. ज्या घरात चौविहार पाळला जातो, तेथे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. मग रात्री नऊ वाजता नवी सून गोळी कशी घेणार? न्हाणीघरात चोरून घेतली तरी रिकामी पाकिटे कोठे टाकणार? पहिल्या दिवशी संधी मिळत नाही, दुसऱ्या दिवशी पाहुणे असतात, तिसऱ्या दिवशी प्रवास. त्यातच हळद, रात्रीची गाणी, पहाटेचा मुहूर्त यांमुळे चार रात्री धड झोप नाही. या प्रकारच्या अपस्मारात फिट आणणारी दोन मोठी कारणे म्हणजे चुकलेली गोळी आणि मोडलेली झोप. लपविणारे घर ही दोन्ही कारणे स्वतःच्या हाताने एकत्र आणते. दोन वर्षे न आलेली फिट नेमकी सासरच्या दारात येते ती यामुळे. आणि मग लोक म्हणतात, पायगुणच वाईट.

हेच घराला ठाऊक असेल तर प्रश्न वेळापत्रकाचा उरतो. डिसेंबरात आपल्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की नवकारशी जवळपास आठला. संध्याकाळची गोळी पावणेसहाला घेतली तर पुढची चौदा तासांनी येते, आणि दिवसा दोन गोळ्यांत दहाच तास उरतात. बारा-बारा तासांच्या गोळीला एवढा फरक चालेल का, की दिवसातून एकदाच घ्यावयाची, हळूहळू विरघळणारी गोळी द्यावी, हे न्यूरॉलॉजिस्टच ठरवू शकतात; मात्र त्यांना चौविहार म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागते. तिविहारात पाणी मोकळे असते, आणि पच्चक्खाण घेताना औषधापुरती मोकळीक ठेवण्याविषयी महाराजसाहेबांना विचारता येते. पर्युषणातील अठ्ठाईचा विचारही तसाच. गोळी बंद ठेवून तपश्चर्या करू नये, आणि सुनेने अठ्ठाई केली नाही तर का केली नाही, याचे उत्तर देणारे माणूस घरात असावे.

मुलांचा प्रश्न सासू विचारणारच. आईला अपस्मार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. धोका इतरांपेक्षा थोडा अधिक असतो, इतकेच. औषधाची निवड मात्र कळीची. या आजारावर व्हॅलप्रोएट हे औषध उत्तम काम करते, पण गरोदरपणात ते चालू असल्यास साधारण दहांतील एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून तरुण मुलींना शक्यतो दुसरे औषध देतात, आणि कोणाचे व्हॅलप्रोएट चालू असेल तर ते गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलावे लागते. फॉलिक ॲसिडही आधीपासून सुरू करतात. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःच गोळी बंद करणे हे सर्वांत घातक. जिच्या पतीलाच काही ठाऊक नाही, तिने हे नियोजन कोणाबरोबर करावे?

मग सांगावे केव्हा? बायोडाटावर छापण्याची गरज नाही. तो कागद शंभर अनोळखी हातांतून फिरतो. दोघांचे मन जुळू लागले आहे, पण सगाईचा नारळ अद्याप दिलेला नाही, ती वेळ योग्य. पहिल्यांदा मुलीने स्वतः मुलाला सांगावे, कारण प्रश्न तिच्या शरीराचा आहे आणि उत्तरेही तिलाच ठाऊक आहेत: झटके कसे येतात, शेवटचा केव्हा आला, कोणती गोळी चालते, कशाने त्रास वाढतो, ती स्कूटर का चालवत नाही. (वाहन परवान्याच्या अर्जातच अपस्माराविषयी प्रश्न असतो, तेथे खोटे लिहून काढलेला परवाना अपघातानंतर महागात पडतो.) त्यानंतर वडिलांनी मुलाच्या वडिलांशी बोलावे आणि दोघांना एकत्र डॉक्टरांकडे पाठवावे. त्या रात्री मुलीने मुलाला ‘आज जे बोललो ते असे’ म्हणून चार ओळींचा संदेश पाठवून ठेवावा. आम्हाला सांगितलेच नव्हते, असे पुढे कोणी म्हटले तर तोच तिचा पुरावा.

फिट आली तर काय करावे हेही त्याच भेटीत सांगून टाकावे. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्यावे. चप्पल आणि कांदा हुंगविण्याने काही होत नाही. ज्या घरात कांदा कधी येत नाही, त्या घरातही अशा वेळी शेजारून कांदा मागविला जातो, हे पाहिले की भीती माणसाकडून काय काय करवून घेते ते कळते.

नकार येऊ शकतो. खोपोलीचे घर कदाचित आठवडाभर फोन उचलणार नाही, आणि मुलाला वाटले तरी आईपुढे त्याचे चालणार नाही. बातमी समाजात फिरेल, धाकट्या बहिणीच्या स्थळांवर परिणाम होईल, ही आईची धास्तीही खोटी नाही. कर्जत ते खोपोली लोकलने अर्ध्या तासाचे अंतर, आणि बातमीला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून बोलणी मोठ्या बैठकीत न करता चौघांतच करावीत, आणि ही बाब घराबाहेर जाऊ नये असे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. घाट चढून गेले की पुण्यात यशोदा वाकणकर यांनी उभारलेला ‘संवेदना’ हा अपस्मारग्रस्तांचा आधारगट आहे. त्यांनी स्वतः हा आजार भोगला आहे, आणि या मुलामुलींच्या विवाहासाठी वधू-वर सूचक कामही तेथे होते. तेथे पहिल्याच ओळीत आजार लिहिलेला असतो, त्यामुळे कोणाला काही लपवावे लागत नाही.

तूर्त त्या मुलीने एवढेच मागितले आहे की रविवारी दुपारी मुलगा दुकानावर येईल तेव्हा आईने चहा देऊन अर्धा तास आतल्या खोलीत जावे. आई अजून हो म्हणालेली नाही. वडिलांनी मात्र डॉक्टरांची जुनी फाईल माळ्यावरून काढून गल्ल्याशेजारी ठेवली आहे.