पाठीमागची भिंत पांढरी करताना

हजच्या अर्जाचे दिवस आले की आमच्या जोगेश्वरी-अंधेरीच्या गल्ल्यांतून एकच धांदल उडते. पासपोर्टची मुदत पाहा, रक्तगट लिहा, आणि फोटो काढा, पाठीमागे पांढरी भिंत असलेला. आता आमच्या घरांतल्या भिंती पांढऱ्या कुठून असणार? कुणाकडे पिस्ता रंग, कुणाकडे मलईचा. अब्बांना गुडघ्यामुळे तीन मजले उतरवून स्टुडिओत न्यायचे, की घरीच फोटो काढून भिंतीचा रंग बदलायचा, हा प्रश्न यंदा आमच्याही घरात आला. आम्ही दुसरा मार्ग धरला, आणि पहिल्या खेपेला फसलो.

फसलो ते असे. फोटोतून अब्बांची आकृती कापली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. दुरून ठीक दिसले. जवळून पाहिले तर दाढीभोवती आणि कानामागच्या केसांभोवती पिवळट कड, आणि खांद्याची रेघ कात्रीने कापल्यासारखी. ती कड पुसायला गेलो तर दाढीच अर्धी झाली.

ही कड येते कुठून? केसाच्या टोकावरचा ठिपका पूर्ण केसाचा नसतो. त्यात निम्मा केस असतो आणि निम्मी भिंत. आकृती कापताना ती निम्मी भिंतही सोबत येते आणि पांढऱ्यावर ठेवताच पिवळी दिसू लागते. म्हणजे कात्री कितीही बारीक चालवली तरी दोष जात नाही. कापायचेच नाही, त्या ठिपक्यातला भिंतीचा वाटा तेवढा पांढरा करायचा, हा खरा उपाय.

त्यासाठी भागाकाराची एक सोपी युक्ती आहे. फोटोच्या प्रत्येक ठिपक्याला भिंतीच्या रंगाने भागायचे. भिंतीला भिंतीने भागले की उत्तर एक, म्हणजे शुभ्र पांढरे. आमच्या फोटोत खिडकीकडची भिंत होती 224, 214, 188. कानाजवळचा करडा केस धरा 120, 120, 120. दोघांचा निम्मा-निम्मा ठिपका होतो 172, 167, 154, म्हणजे मळकट पिवळा. त्याला भिंतीने भागले की जवळपास 196, 199, 209 येते. पांढऱ्या भिंतीसमोर तोच केस असता तर 188 च्या आसपास आला असता. किंचित उजळ आणि कणभर निळसर, पण पिवळी कड गेली आणि केस जागेवर राहिला.

हे काम आम्ही संगणकावर GIMP या मोफत प्रोग्राममध्ये केले. फोटोशॉपमध्येही Divide नावाची हीच सोय आहे, तेव्हा गल्लीतल्या स्टुडिओवाल्या भाईंनाही सांगता येईल.

प्रथम फोटो नीट हवा. अब्बांना भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे बसवा, फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीचा उजेड समोरून घ्या. भिंतीला टेकून बसले की कानामागे सावली पडते, आणि भागाकारानंतर ती सावली करडा डाग होऊन उरते. तशी सावली असेल तर संगणकावर झगडू नका, फोटो पुन्हा काढा. मोबाईलवरून संगणकावर पाठवताना व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबला जातो आणि डोक्याभोवती कुरतडल्यासारखे चौकोनी डाग येतात. ते मग कशानेच जात नाहीत.

आता रंग. Color Picker घेऊन Sample average लावा, म्हणजे एकाच ठिपक्याचा नव्हे तर आजूबाजूचा सरासरी रंग मिळतो. भिंत सगळीकडे सारखी नसते. आमच्याकडे खिडकीपासून लांबची बाजू 206, 197, 172 निघाली. म्हणून डावीकडचा रंग पुढचा रंग म्हणून आणि उजवीकडचा मागचा रंग म्हणून घेतला, फोटोवर नवा थर घातला आणि Gradient ने डावीकडून उजवीकडे ओढला. दोन्ही रंग मोजल्यापेक्षा कणभर गडद धरा, म्हणजे भिंतीचे बारीक दाणेही पांढऱ्यात विरतात. फार गडद धरलेत तर केसांची टोके खाल्ली जातील. मग थराचा Mode बदलून Divide करा. भिंत त्याच क्षणी पांढरी होते.

पण चेहराही उजळतो, आणि चेहरा बदलता कामा नये. त्या थरावर उजवे बटण दाबून Add Layer Mask घ्या, White (full opacity) निवडा, आणि मऊ काठाच्या ब्रशने काळा रंग चेहऱ्यावर, दाढीच्या आतल्या भागावर आणि कपड्यांवर फिरवा. काळे फिरले तिथे मूळ फोटो जसाच्या तसा परत येतो. ब्रश केसांच्या बाहेरच्या काठापर्यंत नेऊ नका. काठाच्या थोडे आतच थांबा. म्हणजे जोड केसांच्या आत लपते आणि कुणाला दिसत नाही. खांदा, टोपी यांची कड मात्र साफ असते, तिथे लहान ब्रशने काठापर्यंत गेलात तरी चालते.

अब्बांच्या पांढऱ्या दाढीने इथे एक अडचण केली. दाढीचा केस भिंतीएवढाच उजळ असेल तर भागाकारानंतर त्याचे टोक पांढऱ्यात विरते आणि कडेला निळसर झाक येते. विरणे नैसर्गिक दिसते, झाक दिसत नाही. उपाय असा: Layer मधून New from Visible करा, Free Select मध्ये Feather edges लावून दाढीची तेवढीच कड निवडा, आणि Colors मधल्या Saturation चे माप 0 वर आणा. पांढऱ्या केसाला रंग नसतोच, तेव्हा त्यात खोटेपणा नाही. अम्मींच्या फोटोत ही कटकट टाळायला त्यांना पांढऱ्याऐवजी रंगीत ओढणी घ्यायला सांगितले. पांढरी ओढणी पांढऱ्या भिंतीत हरवते.

शेवटी तपासणी. जोडलेल्या थरावर Colors मधले Levels उघडा आणि डावीकडची काळी खूण 240 वर न्या. जिथे पांढरे कमी पडले तिथे करडे डाग उमटतील. पाहून झाले की Cancel दाबा. डाग असले तर भागाकाराच्या थराचा रंग तिथे थोडा गडद करा. सगळे नीट झाल्यावरच फोटो हव्या त्या मापात कापा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही युक्ती फिक्या, साध्या भिंतीसाठी आहे. गडद हिरव्या किंवा निळ्या भिंतीने भागले तर केसांवर भडक रंग चढतो. तिथे मागे इस्त्री केलेली पांढरी चादर लावणे बरे. अमेरिकेच्या व्हिसासारख्या ठिकाणी संगणकावर फेरफार केलेला फोटो चालतच नाही, तिथेही चादरच. पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या लेकराचा मात्र 4.5 बाय 3.5 सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा असतो. लेकराला चादरीवर निजवून वरून फोटो काढा, सावली बाजूला पडेल असा.

अब्बांनी छापलेला फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "दाढी माझीच आहे ना?" आम्ही म्हटले, "तुमचीच अब्बा, फक्त भिंत दुसरी." हसले, आणि फोटो पासपोर्टात ठेवून दिला.